पदं राहू द्या, पाण्याचं सांगा

गुडगावातल्या नव्या सोसायट्यांच्या पाणीटंचाईवर परिसंवाद होता आणि सूत्रसंचालक मी. कार्यक्रमपत्रिकेत छापायला मी माझी झाडून सगळी सरकारी पदं लिहून पाठवली. लगेच आयोजक बाईंचा फोन आला, "साहेब, पदं राहू द्या. पाण्यातलं तुम्हाला काय कळतं, ते दोन ओळींत सांगा."

मी भडकलो. "तिसऱ्या मजल्यावर राहतो. टँकर कुठून येतो, कधी येतो, आधी कोणाकडे जातो, सगळं तोंडपाठ आहे!"

बाईंनी तेच जसंच्या तसं छापलं.

परिसंवादात दोन तज्ज्ञ भूजलावर भरभरून बोलले. प्रश्नोत्तरांत मात्र त्यांना कोणी विचारेना. सगळ्या सभागृहाला माझ्याकडून टँकरवाल्याचा नंबर हवा होता.

चहाच्या वेळी दोन्ही तज्ज्ञांनीही तो उतरवून घेतला.