वेगाचा रकाना

कप ठेवताना त्याचा कान कायम उजवीकडे. पेन्सिल, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, सगळं कोपर न हलवता हाताला लागेल अशा अर्धवर्तुळात. जिना चढताना ओठ हलायचे, पायऱ्या मोजत असायचे. दर पन्नास मिनिटांनी उठून खिडकीपर्यंत जायचे आणि परत यायचे. दोन्ही हात एकदम कामाला लावायचे, एक हात रिकामा राहिला तर त्याच्याकडे रागाने बघायचे. किती वाजले हे कधी बघत नसत. किती वेळ गेला, एवढंच बघत.

आम्ही त्यांना सेकंदकाका म्हणायचो. त्यांना जाऊन आज एकोणीस दिवस झाले. मला अजून ते वाक्य नीट लिहिता येत नाही.

आमची ओळख एका खोलीतली. दुकानांच्या वरच्या मजल्यावर बारा टेबलं, बारा खुर्च्या, तासावर भाडं. ज्यांच्या घरात जागा नाही ते तिथे येऊन आपापल्या स्क्रीनवर काम करतात. मी आणि काका एकाच कंपनीचं काम करायचो. घरगुती यंत्रांबद्दल लोकांच्या लेखी तक्रारी येतात, त्यांना उत्तरं द्यायची. कंपनीचं ऑफिस कुठे आहे ते मला माहीत नाही. साहेब नाही, पाळी नाही, हवं तेव्हा काम घ्या. फक्त ज्यांचे गुण जास्त त्यांना सकाळचे चांगले तास आधी मिळतात, आणि घेतलेला तास चुकवला तर गुण जातात. तक्रार उघडली की घड्याळ सुरू होतं, पाठवली की थांबतं. तक्रारीची वाट बघत बसलेला वेळ आपला. पाणी प्यायला गेलो तर तोही आपला.

मी साहित्यात एम.ए. केलं आणि पंखा का फिरत नाही याची उत्तरं लिहायला लागले. पहिल्या आठवड्यात एका तक्रारीवर अडले होते. शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

"तार सैल असेल. तळाचे तीन स्क्रू काढायला सांग."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तो पंखा मी सेकंदासेकंदाने ओळखतो, पोरी."

पंख्यांच्या कारखान्यात काकांनी सव्वीस वर्षं काढली. ते कामगार नव्हते आणि साहेबही नव्हते. हातात स्टॉपवॉच, फळीवर कागद, आणि काम करणाऱ्याच्या मागे उभं राहायचं. स्क्रू उचलायला किती सेकंद, बसवायला किती, फिरवायला किती. मग फालतू हालचाल काढून टाकायची आणि उरलेलं काम तुकडे करून सरकत्या पट्ट्यावर वाटायचं.

"डोकं वरच्या मजल्यावर, हात खाली. मी मधल्या जिन्यावर," असं ते सांगायचे.

"म्हणजे लोक तुम्हाला शिव्या देत असतील."

"भरपूर. पण तोंडावर द्यायचे. जेवणाच्या सुट्टीत त्याच डब्यातला घासही द्यायचे. तू कुणाला शिव्या देतेस?"

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"ती ऐकते?"

पुढे कारखान्याने पट्टाही मोडला. आठ-आठ जणांचे गट केले, प्रत्येकाने सगळी कामं शिकायची, मागणी येईल तेवढेच पंखे बनवायचे. मग मागणी असेल तेवढीच माणसं ठेवू लागले. मग सुटे भाग बाहेरून यायला लागले, आणि एका सोमवारी फाटक उघडलंच नाही. काकांना त्या दिवसांचा उमाळा नव्हता. "पट्ट्याने माणूस पिळला जातो," ते म्हणायचे. "पण पट्टा कुठून कुठे जातो ते निदान दिसायचं."

महिन्याभरापूर्वी कंपनीचा निरोप आला. एका तक्रारीला नऊ मिनिटं होती, पुढल्या एक तारखेपासून सहा. 'आमच्या उत्तम सहकाऱ्यांच्या सरासरीवरून हा वेळ ठरवला आहे. हरकत असल्यास पुराव्यासह कळवा.' सहात बसलं नाही तर गुण उतरणार, गुण उतरले की चांगले तास जाणार. मला त्या तासांवर खोलीचं भाडं आणि आईचं औषध भागवायचं होतं. काकांनाही त्यावरच जगायचं होतं, आणि ते दोन बोटांनी टाइप करायचे.

मी रडकुंडीला आले. काका मात्र टवटवीत झाले. दुसऱ्या दिवशी जुनं स्टॉपवॉच आणि छापील कागद घेऊन आले.

"पुरावा मागितलाय ना? देऊ. वीस तक्रारी मोजायच्या. तू काम कर, मी मागे उभा राहतो."

मी बसले. त्यांच्यासमोर आपण सुस्त दिसू नये असं वाटलं, म्हणून बोटं पळवली. पाच तक्रारी झाल्यावर त्यांनी घड्याळ थांबवलं आणि कागद फाडला.

"काय झालं?"

"असं तू दिवसभर करशील?"

"नाही."

"मग मला कशाला दाखवतेस? मी काय मुलगी बघायला आलोय?"

मी हसले. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि समजावून सांगितलं. नुसता वेळ मोजून काही कळत नाही. माणूस कोणत्या वेगाने करतोय हे बघणाऱ्याने ठरवायचं असतं. रोजचा, टिकणारा वेग म्हणजे शंभर. कुणी धावत असेल तर एकशेवीस, एकशेतीस लिहायचं, म्हणजे हिशेबात त्याचा वेळ वाढतो. रेंगाळत असेल तर शंभराच्या खाली. त्यावर थकव्याची, पाणी पिण्याची, लघवीला जाण्याची सूट टक्क्यांनी चढवायची. तेव्हा कुठे कामाचा वेळ ठरतो.

"या तुमच्या यंत्राला वेगाचा रकानाच नाही. जो घाबरून धावतो, त्याचं धावणं म्हणजेच शंभर. आणि ते उत्तम सहकारी कोण?"

मला माहीत होतं, आणि मी त्यांना सांगितलं. पहिल्या महिन्यात जलद उत्तरांसाठी माझ्या नावापुढे चांदणी आली होती. मी ती आईला दाखवली होती.

काकांनी फाडलेल्या कागदाचे तुकडे गोळा केले. मग म्हणाले, "धाकटीनेही असंच केलं."

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. तिला त्यांनीच कारखान्यात लावलं होतं. जागा क्रमांक नऊ. पंख्याच्या तळात बटण बसवायचं, दोन तारा, तीन स्क्रू, वर झाकण. पट्ट्यावरचं सगळ्यात लांब काम तेच, म्हणून पट्ट्याचा वेग तिच्या आकड्यावर ठरणार होता. काका तेव्हा नोकरीत अजून कायम झाले नव्हते. बाकीच्या बायका मागे घड्याळ दिसलं की हात आखडायच्या. धाकटीने मात्र "दादा, बघ" म्हणून हात सुसाट सोडला. सरासरी अडतीस सेकंद. शेजारी वरचे साहेब उभे. काकांनी वेगाच्या रकान्यात शंभर लिहिलं. सूट धरून त्रेचाळीस सेकंद झाले.

"तिसऱ्या दिवशीच मला कळलं. तिचा वेग एकशेपंचवीस होता. पण कागदावर सही झाली होती. साहेबांना सांगायचं म्हणजे नोकरीवर पाणी."

अकरा वर्षं पट्टा त्रेचाळीसवर चालला. बायका धाकटीला 'दादाची लाडकी' म्हणून टोमणे मारायच्या. पुढे तिलाच तो वेग झेपेना. मनगटं सुजली, पंखे अर्धवटच पुढे जायला लागले, तिला खोकी चिकटवायला पाठवलं. मग तिने काम सोडलं.

"तिला वाटतं, तीच हळू होती. आजही कुणी विचारलं तर म्हणते, माझ्या हातालाच गती नव्हती."

"मग सांगा ना त्यांना."

"सांगणार. आधी तुझं काम होऊ दे. रिकाम्या हाताने कसं जाऊ?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवा कागद घेतला. त्यांनी मला रोजच्यासारखं बसायला शिकवलं. हे फार अवघड असतं. "श्वास घे. नाक खाजव. माणसासारखी वाग." एकदा तक्रारच येईना, चाळीस मिनिटं नुसती बसले होते. त्यांनी तेही समासात लिहिलं: अटळ खोळंबा.

"कारखान्यात कुणी वारलं तर पट्टा दोन मिनिटं थांबवायचे," ते म्हणाले. "तेव्हाही मी हेच लिहायचो."

मंगळवारपर्यंत तेरा तक्रारी झाल्या. सात राहिल्या होत्या. निघताना म्हणाले, "उद्या संपवू. वेग शेवटी लिहीन, सगळं बघून झाल्यावर."

बुधवारी ते आले नाहीत. मला वाटलं, त्यांचा दात दुखत होता, त्यानेच असेल. स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे 'उपलब्ध नाही' असं दिसत होतं. गुरुवारी खोलीच्या मालकाने सांगितलं. बुधवारी सकाळी बूट घालताना गेले, दारातच.

शुक्रवारी मी कंपनीला कळवायला बसले. कळवायची जागा सापडेना. शेवटी गैरहजेरीचं पान मिळालं. कारण निवडा: आजार, प्रवास, इतर. मी 'इतर' निवडलं. तेवढ्यात माझ्याकडे नवी तक्रार आली आणि घड्याळ सुरू झालं. मी उत्तर लिहिलं. पाच मिनिटं पन्नास सेकंद.

रविवारी धाकटीकडे गेले. धाकटी म्हणजे पासष्टीची बाई, मी त्यांना आत्या म्हणाले. त्यांनी दोन्ही तळहातांमध्ये कप धरून चहा दिला, बोटांत पकडता येत नव्हता. काकांचा फोन टेबलावर होता. तो वाजला. 'आपण सलग चार वेळा अनुपस्थित आहात. आपले गुण कमी करण्यात येत आहेत.'

"हे कोण गं पाठवतंय?" आत्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

त्यांनी काकांची फळी माझ्यापुढे ठेवली. वर माझा कागद. खाली एक पिवळा पडलेला, कडा झिजलेला. जागा क्रमांक नऊ. वेगाच्या रकान्यात शंभर खोडून बाजूला ताज्या पेन्सिलीने एकशेपंचवीस लिहिलं होतं. खाली नवा हिशेब: त्रेपन्न सेकंद. सही, आणि मंगळवारची तारीख.

"याचा अर्थ काय?"

मी सांगितलं. काकांनी सांगितलं होतं तसंच सांगितलं, कमीजास्त केलं नाही. आत्या कागदावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"दहा सेकंद," त्या म्हणाल्या.

"हो."

"दहा सेकंदांत मी पदर सारखा केला असता. शेजारणीशी एक वाक्य बोलले असते." मग माझ्याकडे बघून, "म्हणजे मी हळू नव्हते."

"नव्हतात."

"मेल्याने रविवारी जेवायला येताना सांगितलं असतं तर भाजी वाढली नसती का मी?"

त्या रडल्या नाहीत. कागदाची घडी घालून उशीखाली ठेवली. माझा कागद मला दिला.

एक तारीख होऊन गेली. आता सहा मिनिटंच आहेत. हरकत कळवायची खिडकी मात्र अजून आठवडाभर उघडी आहे, म्हणून काल मी काकांच्या टेबलाशी बसून उरलेल्या सात तक्रारी फोनच्या घड्याळाने स्वतःच मोजायला घेतल्या. पहिल्याच तक्रारीला अडले. वेळ कळत होता. मी धावत होते की रोजच्यासारखी होते, ते कळत नव्हतं. त्यासाठी मागे कुणीतरी उभं असावं लागतं. खोलीत आम्ही नऊ जण होतो. कुणाची ओळख नव्हती, आणि प्रत्येकाचं घड्याळ चालू होतं.

कागद माझ्यासमोर आहे. वीस चौकोन, तेरा भरलेले, काकांच्या बारीक, सरळ आकड्यांनी. चौदाव्या चौकोनात पेन्सिलीचा एक ठिपका आहे, टोक टेकवून उचललेला. खाली सूट: रिकामी. वेग: रिकामा.