मावशीला विचारायचे प्रश्न

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात असताना लालबागच्या एका चाळीनं गणपतीत प्रकट मुलाखत ठेवली. पाहुणी म्हणजे तळमजल्यावर खाणावळ चालवणारी मालवणी बाई, सगळ्या गिरणी कामगारांची मावशी. विचारणारा मी, गिरगावचा. आवाज आणि जाकीट, दोन्ही कडक इस्त्रीचे!

त्या दिवसांत चाळीत अनोळखी माणूस शिंकला, तरी लोक म्हणत, साध्या वेशातला पोलीस. मोर्च्यांना जाणारी पोरं मावशीकडे जेवत. तिच्या तोंडून एक नाव निसटलं, की त्याच्या दारात पोलीस.

आदल्या दिवशी मी प्रश्न ऐकवायला गेलो. "श्रमिकांच्या उदरभरणाचा हा यज्ञ इतकी वर्षं अखंड चालवताना आपल्याला कृतार्थ वाटत असेलच, नाही का?"

"हो," मावशी म्हणाली.

पुढच्या तसल्याच प्रश्नाला "नाय." अख्खा कागद चहा निवायच्या आत संपला.

मी घाईघाईनं प्रश्न आखूड केले. "तुमच्याकडे कोण कोण जेवतं? किती जण? मोर्च्याच्या दिवशी कधी आले?"

आमटीतला डाव थांबला. "तू खयचो रे मेल्या? कोण इलो, कोण गेलो, ह्या तुका कित्याक व्हया? मी उद्या येवचंय नाय!"

बाहेर गॅलरीत तेच प्रश्न मी स्वतःला मोठ्यानं विचारून पाहिले. अहाहा, काय पंचनामा! कोण, किती, कधी, सगळ्यांवर काट मारली. कसं आणि काय एवढंच ठेवलं; प्रश्न एका दमात संपेल असा. परत आत गेलो.

"सकाळी चूल पेटते ती कशी? मोर्च्याच्या आदल्या दिवशी पंगत कशी असते?"

तिनं दोनदा वाचायला लावलं. "हेच्यात नाव खंय लपवलंस?"

"कुठंच नाही."

"बघूया."

दुसऱ्या दिवशी मंचावर मी पंगतीचं विचारलं आणि तोंड मिटलं. माझ्यासारख्याला ते केवढं अवघड! मावशी मात्र सुटली. भात नुसता चिवडतो तो उद्या मोर्च्याला जाणार, दोनदा मागतो तो बायकोला न सांगता जाणार. चाळ हसून लोळली. नाव एकही नाही. मागं पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस तेवढा हसत नव्हता. तो कोण, मला आजही ठाऊक नाही.

कार्यक्रमानंतर मावशीनं मला भात-सोलकढीपुढे बसवलं. "तुझा कसा काय चल्लाहा?" म्हणाली, आणि गप्प बसली.

मी सांगत सुटलो. कचेरी, साहेब, नकार दिलेली मुलगी, तिचा पत्तासुद्धा! ताटातला भात गार झाला.

"आता पटला," मावशी कढी वाढत म्हणाली. "तू पोलीस नाय. पोलीस एवढा सांगूचो नाय."