चार टाइल्स आणि मामा

आमचा मामा टाइल्स बसवतो. बोलतो कमी, आणि बोललाच तर आधी नाक खाजवून. एकवीस वर्षांत त्याला कुणी चोर म्हटलं नव्हतं. त्या दुपारी म्हटलं.

म्हणणाऱ्या होत्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. बाथरूम त्यांचं, माप त्यांनी स्वतः घेऊन टाइल्स मागवलेल्या. सात फुटांपर्यंत टाइल्स, मोडतोडीला दहा जास्त. काम खालून वर चढत गेलं आणि दाराच्या मागे, वरच्या दोन ओळींत, चार टाइल्सची भिंत उघडी राहिली. दुकानातला तो माल संपलेला.

"गेल्या कुठे?" बाईंनी विचारलं. शाळेत हरवलेल्या डस्टरबद्दल विचारावं तसं.

मामानं नाक खाजवलं. "कुठे जातील? आल्याच नाहीत."

"वा. भिंतीनं खाल्ल्या असतील."

मोडलेल्या दहाचे तुकडे त्यानं कोपऱ्यात रचलेले होते. तेही बाईंनी मोजले, दोनदा. मग हात पुढे केला. "घराची किल्ली द्या. कंत्राटदाराला बोलावलंय. त्यालाच सांगते."

कंत्राटदारानं हे ऐकलं की मामाला कुणी रिकाम्या घरात एकटं सोडणार नव्हतं. लोक विश्वासानं किल्ली देतात म्हणूनच त्याला काम मिळतं. त्यानं ती दिली.

"तुमचा हिशेबाचा कागद बघू का जरा?"

"माझा हिशेब? बघा ना. चाळीस वर्षं गणितच शिकवलंय."

मामानं कागद उकिडवं बसून वाचला. चारी भिंतींची लांबी गुणिले सात. बरोबर. दार वजा, अडीच गुणिले सात. बरोबर. भिंतीतल्या कपाटाचा खण वजा. तोही बरोबर. बेसिन वजा नाही, कारण टाइल्स त्याच्या मागूनही जातात. बाई पक्क्या होत्या.

मग खिडकी. तीन गुणिले चार, बारा वजा.

तो उठला, टेप काढला. "बाई, हे टोक धरता?"

"मी?"

"मी धरलं तर म्हणाल, ओढलं."

बाईंनी टोक जमिनीला टेकवलं. खिडकी पाच फुटांवर सुरू होत होती आणि नऊवर संपत होती. मामानं बोट सातावर ठेवलं, जिथे टाइल्स थांबत होत्या.

"ह्याच्या वर मी टाइल लावतच नाही. मग वरची खिडकी कशातून वजा केली?"

बाईंचे ओठ हलले. तीन गुणिले दोन, सहा. सहा चौरस फूट जास्त वजा. एक टाइल दीड चौरस फुटाची. चार.

खाली गाडी थांबली. कंत्राटदार जिन्यावरूनच ओरडत आला, "काय उचललं ह्यानं?"

मामा बाईंकडे बघत राहिला. बाई टेपचं टोक सोडायला विसरल्या होत्या.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "खिडकी मी पूर्ण वजा केली. चूक माझी." मग कंत्राटदारानं हात पुढे केला तरी किल्ली त्याला न देता मामासमोर धरली.

मामानं ती घेतली, नाक खाजवलं. "दाराच्या मागे दुसऱ्या रंगाच्या चालतील?"