पाठ केलेल्या निबंधानंतरची चार वाक्यं

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या फ्रेंचची तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक आले होते. परीक्षेच्या खोलीचं दार उघडं होतं आणि माझा नंबर पुढचा असल्याने मी दाराशेजारच्या बाकावर होतो.

आत माझी वर्गमैत्रीण होती. घरी तेलुगू, घरातच विजेचे माग. एका टॉवेल कारखान्याला फ्रान्सच्या ग्राहकांशी पत्रव्यवहार करणारं माणूस हवं होतं. ती पास झाली तर जागा तिची, असं मालकांनी वडिलांना सांगितलं होतं. नाही झाली तर शिक्षण थांबणार होतं.

आम्हाला शिकवणाऱ्या मादाम मूळच्या पाँडिचेरीच्या, रेल्वे अधिकाऱ्याच्या पत्नी. त्यांची एक पद्धत होती. आमचं वाक्य संपलं की त्या फक्त ‘पुर्ताँ?’ म्हणजे ‘तरीही?’ असं म्हणायच्या आणि थांबायच्या. त्या शब्दाला जागणारं पुढचं वाक्य आपण शोधायचं. त्यांच्यासारखा वर्ग मी नंतर पाहिला नाही.

मैत्रीण मात्र प्रत्येक वाक्य ‘आँ नेफे’नेच, म्हणजे ‘खरोखरच’ने, सुरू करायची.

“मुली, ते मीठ नाही चिमूटभर टाकायला,” मादाम म्हणायच्या. “आधी काहीतरी म्हण. मग ते खरं कसं, ते सांगायला आँ नेफे.”

“काय गं, आज किती आँ नेफे विणलेस?” मी विचारायचो.

“तुज्यापेक्षा चार जास्त, की!”

परीक्षेत तिने पाठ केलेला निबंध सुरू केला. परीक्षकांनी हात वर केला.

“हे पाठ आहे. घराबद्दल सांगा.”

परीक्षकांनी गुण लिहायला पेन हातात घेतलं. मग ती सावकाश फ्रेंचमध्ये बोलू लागली.

“आमच्या घरात दिवसभर आवाज असतो. आँ नेफे, पुढच्या खोलीत माग चालतात.”

परीक्षक लिहायचे थांबले.

“पुर्ताँ, माझा धाकटा भाऊ तिथंच झोपतो.”

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

“दायर, माग थांबला की तो जागा होतो.”

‘दायर’ म्हणजे ‘शिवाय’. झालेल्या बोलण्याला मिळणारा जादा आधार. तो तिने नेमका जागेवर दिला होता.

“मग वीज गेली तर?” परीक्षकांनी विचारलं.

“तो रडतो. एँसी, मीटर न बघता गल्लीला कळतं, वीज गेली.” एँसी, म्हणजे ‘अशा रीतीने’.

परीक्षक मोठ्याने हसले. मग आणखी बराच वेळ ते प्रश्न विचारत राहिले आणि ती उत्तरं देत राहिली. एकाही वाक्याची सुरुवात सवयीने झाली नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “जा आता. पेन खाली ठेवलंय त्यांनी.”

उन्हाळ्यात निकाल लागला. ती पास झाली आणि त्याच महिन्यात कारखान्याच्या ऑफिसात रुजू झाली.