अंगाई म्हणता म्हणता

देवावर माझी श्रद्धा आहे, पण त्या दिवाळीनंतर ती पार आटत आली होती. वेल्ह्याच्या डोंगरात आमची वाडी. दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन भोरवरून वरंधा घाट उतरतो, ते पावसाच्या तोंडावरच माघारी येतो. लेकरंही घोड्यावर बसून बरोबर येतात. पण आमची दोन वर्षांची सोनी छातीच्या आजारातून नुकतीच उठली होती, आणि उघड्यावरचं दव तिला सोसणार नाही, असं भोरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी घरी थांबावं, तर मालकांना, सोनीच्या बापाला, एकट्यानं कळप आवरत नाही. तेव्हा सोनी आजीजवळ राहणार, मी जाणार, असं ठरलं. तिला माझ्याशिवाय झोप येत नसे, आणि झोप झाली नाही तर ती घासाला तोंड लावत नसे. एवढंसं वाळलेलं अंग, किती दिवस तग धरणार? या काळजीनं मी जाण्याआधीच थकून गेले.

घाटात रेंज नसते, म्हणून फोनवरून गाऊन तिला झोपवणं शक्य नव्हतं. माझा मोबाईल घरीच ठेवायचा आणि त्यात अंगाई भरून जायचं, असं मी ठरवलं. कुत्रं लांब बांधलं, दार लावलं, बांगड्या वाजू नयेत म्हणून पदरात गुंडाळल्या. बिरोबाला हात जोडले, ‘देवा, आज आवाज गोड दे.’ पहिल्यांदा खोकला आला, दुसऱ्यांदा मात्र कशी छान जमली! सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी दुपारी सोनीला झोळीत घालून भरलेली अंगाई लावली, मी भिंतीआड उभी राहिले. सोनी ऐकताच उठून बसली. मोबाईल उलटा करून पाठीमागं बघितलं, झोळीतून उतरून दारामागं बघितलं, आणि मी कुठंच दिसेना तेव्हा तिनं असा टाहो फोडला की मलाच आत धावावं लागलं.

“आवाज हाय, पर तू न्हाईस,” आत्या म्हणाल्या. “लेकराला गाणं नगं असतंय पोरी, आई लागती.”

निघायच्या आदल्या दुपारी मी पुन्हा प्रयत्न केला. मोबाईलमध्ये आवाज भरायला लावला आणि पहिली ओळ म्हणते न म्हणते तोच सोनी किरकिरू लागली. जीव इतका वैतागला की मोबाईल बंद न करता तसाच झोळीच्या पायथ्याशी लुगड्याच्या घडीत खोचला. त्या दिवशी देवावर रुसलेच मी. एवढं साधं मागणं, तेही तुला जड झालं का रे?

मग पायाच्या अंगठ्यात झोळीची दोरी अडकवून नेहमीसारखी म्हणत बसले. ‘नीज गं सोने, कोकरू निजलं, आईच्या कुशीत लोकर मऊ.’ आधी शब्द, मग नुसतं तिचं नाव, मग नुसती गुणगुण. दोरी आढ्याला करकरत होती, बांगड्या वाजत होत्या, बाहेर कोकराची घंटा किणकिणत होती. मध्येच “आत्या, घोड्याचं खोगीर बघितलं का?” असंही विचारलं. बांधाबांधीनं अंग मोडून आलं होतं. कधी डोळा लागला कळलंच नाही.

जागी झाले तेव्हा सोनी गाढ झोपली होती आणि मोबाईल अजून आवाज भरतच होता. ऐकून बघितलं तर लाज वाटली. निम्मी अंगाई, जांभया, आणि शेवटी माझं घोरणं! पुसायलाच निघाले होते, पण आत्यांनी हात धरला. “ऱ्हाऊ दे त्येच. ह्यात तू हायस.”

आत्यांना वाचता येत नाही. कुठं दाबायचं, मध्ये कुणाचा फोन येऊन अंगाई तुटू नये म्हणून आधी विमानाचं चित्र कसं दाबायचं, आणि सोनी निजली की ते परत कसं दाबायचं, हे मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. मोबाईल कानाशी नको, मी बसते तिथं दोरीपाशी, माझ्या जुन्या लुगड्यात ठेवा, असंही सांगितलं. आणि पहाटे सोनी झोपेत असतानाच निघाले.

घाट उतरेपर्यंत खबर नाही. पाय चालत होते, मन वाडीतच होतं. बिरोबाला म्हटलं, ‘माझ्यानं झालं तेवढं केलं. आता तिला तूच झोपव.’ रुसवा नव्हता, त्राणच उरलं नव्हतं.

खाली कोकणात एका बांधावर मालकांच्या मोबाईलला रेंज आली. “जेवती का वं आत्या? झोपती का?” मी एका दमात विचारलं.

“भाकर कुस्करून खाती. झोपती बी,” आत्या म्हणाल्या. “पर लई गंमत हाय. तुझं गाणं थांबून तू घोराया लागलीस का नाही, की पोरगी तोंडावर बोट ठेवती. मला म्हणती, ‘गप, आई झोपली.’ मग लुगड्यावर थोपटत ऱ्हाती, आणि तशीच निजती.”

बांधावरच बसले आणि पोटभर रडले. मी गोड आवाज मागितला होता. देवानं मला थकू दिलं, झोपू दिलं, आणि माझी झोपच माझ्या लेकीच्या हाती दिली. देणाऱ्याला ठाऊक असतं, आपण आपलं मागत राहावं आणि मिळेल ते पदरात घ्यावं. कधी नव्हे ती त्या दिवशी मी मेंढरांच्या उबेला भरदुपारी शांत झोपले. तिकडं माझी लेक मला थोपटत होती.