ऐंशी दिवसांची उधारी

पर्वत पाटियाजवळच्या एका साडीच्या पेढीत मी हिशेब लिहायचो. विक्री चांगली होती, तरी कापडवाल्याला द्यायला गल्ल्यात पैसे नसायचे. शेठ बाजाराला शिव्या घालायचे. शेवटी वैतागून मी तिमाहीची सगळी बिलं काढली. उधार विक्री नऊ लाखांची होती आणि त्यातले आठ लाख अजून यायचे होते. आठाला नवाने भागलं, तिमाहीच्या नव्वद दिवसांनी गुणलं. ऐंशी दिवसांची विक्री बाहेर अडकली होती. आमच्या बिलावर मुदत छापली होती तीस दिवसांची.

"पार्ट्याच लुच्च्या आहेत," शेठ म्हणाले.

मी तगाद्याच्या पत्रांची फाईल उघडली. तीन महिन्यांत आमची फक्त दोन पत्रं गेली होती.

"आपण मागतच नाही, शेठ."

ते खाली बघत म्हणाले, "इतक्या वर्षांचे संबंध आहेत. कसं मागणार?"

मला चीडच आली. स्वतःच्याच पैशांसाठी एवढी कसली भीड? तणतणत डिंडोलीला घरी पोचलो. बायकोने चहा पुढे केला आणि विचारलं, "दोन महिन्यांचा पगार राहिलाय. आज तरी मागितलात का?"

मी कप उचलला. म्हणालो, "इतक्या वर्षांचे संबंध आहेत. कसं मागणार?"