ससोबाच्या गाण्याखालच्या ओळी

माझ्या धाकट्या दिरांचा लग्नाचे व्हिडिओ करण्याचा व्यवसाय. लग्नसराई संपली की कॅमेरा कपाटात आणि भाऊजी खुर्चीत, असं दरवर्षी चालायचं. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं, की मी बालवाडीत शिकवते ती गाणी व्हिडिओ करून स्वतःच्या नव्या चॅनेलवर टाकायची. त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, तेव्हा साडेतीन वर्षांची होती. बडबडगीत म्हणताना ती मान अशी हलवायची, की बघणाऱ्यालाही मान हलवावीशी वाटायची.

पहिलं गाणं मीच रचलं होतं.

ससोबा आले दारात,
या की बसा घरात,
गरम भाकर ताटात,
गूळ घ्या की हातात.

दोन खोल्यांचं आमचं घर सोलापुरात साखरपेठेच्या पलीकडे विणकरांच्या गल्लीत आहे. शेजारी यंत्रमाग, दिवसभर त्याची खडखड. आम्हाला ती ऐकूही येत नाही, इतकी सवय. आमच्या पिवळ्या दाराच्या उंबऱ्यावर पुतणी बसली, मांडीवर कापडी ससा घेतला आणि गाणं म्हटलं. भाऊजींनी एका दमात चित्रीकरण केलं. फार गोड झालं होतं.

व्हिडिओ टाकताना खाली जे लिहायचं असतं ते मी लिहावं, असं ठरलं. मी टायटल दिलं: ‘ससोबा आले दारात, लहान मुलांसाठी मराठी बडबडगीत’. खाली आईवडिलांसाठी चार ओळी लिहिल्या: ‘जेवताना, आंघोळ घालताना, मांडीवर घेऊन हे गाणं म्हणा. बाळाने लगेच म्हटलं नाही तरी हरकत नाही. तुम्ही म्हणत राहा, ते ऐकतंय.’ टॅगमध्ये बडबडगीत, मराठी बालगीत, बालवाडी एवढंच.

दोन-तीन दिवसांनी मी माझ्या मोबाईलवर व्हिडिओ उघडला तर टायटल वेगळंच. ‘बाळ जेवत नाही? हे गाणं लावा, लगेच जेवेल!’ त्याच्यापुढे पुतणीचं लाडाचं नाव आणि वय. टॅगमध्येही तेच नाव, शिवाय आमच्या गल्लीचं नाव. चित्रीकरणाचं ठिकाण लिहायची एक रिकामी जागा असते, तीसुद्धा भाऊजींनी भरून टाकली होती. आणि खाली कमेंटी उघड्या होत्या.

ते बघून मी जरा थबकले. व्हिडिओ टाकताना एक प्रश्न विचारतात: हा व्हिडिओ मुलांसाठी बनवलेला आहे का, हो की नाही. ‘हो’ म्हटलं की कमेंटी आपोआप बंद होतात, बघणाऱ्याच्या सवयी हेरून दाखवायच्या जाहिराती बंद होतात, घंटी दाबून ठेवलेल्यांना सूचनाही जात नाही. बालवाडीच्या प्रशिक्षणात आम्हाला हे एकदा समजावलं होतं.

मी भाऊजींना विचारलं, “तुम्ही ‘नाही’ केलंत का?”

“व्हय की. वहिनी, मोबाईल कुणाच्या हातात असतोय? आईच्याच. टायटल वाचणारी आई, गाणं लावणारी आई. मग व्हिडिओ आईवडिलांसाठीच झाला की नाही? आणि ‘हो’ केलं तर कमेंटी बंद. लोकांशी बोलायचं कसं, चॅनेल वाढायचं कसं?”

“लावते आई, पण बघतं कोण? ससा आहे, गाणं आहे, साडेतीन वर्षांची पोर आहे. हा मुलांसाठीचाच झाला. टायटल आईला उद्देशून लिहिलं म्हणून काही बदलत नाही. आणि लगेच जेवेल म्हणून कशाला सांगायचं? नाही जेवलं म्हणजे ती बाई पोराच्या तोंडात घास कोंबणार.”

भाऊजी हसले. “तुमची बालवाडी, वहिनी. बघू, बघू.”

त्यांनी काही बदललं नाही. मला त्यांच्या चॅनेलमध्ये जाता येत नव्हतं, सगळं त्यांच्या फोनवर.

कमेंटी बहुतेक चांगल्या होत्या. ‘किती गोड’, ‘आमची पण असंच म्हणते’. भाऊजी प्रत्येकीला उत्तर द्यायचे. त्यातच एक होता, ज्याच्या नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे होते आणि फोटोच्या जागी रिकामं वर्तुळ. त्याने पहिल्यांदा लिहिलं, ‘मागे यंत्रमागाचा आवाज येतो. सोलापूरच ना?’

भाऊजींनी उत्तर दिलं, ‘बरोबर ओळखलंत!’ पुढे हात जोडल्याचं चित्र.

मग त्याने लिहिलं, ‘दार सुंदर आहे. पिवळा रंग आजकाल कुणी देत नाही.’ त्याला भाऊजींनी उंचावलेल्या अंगठ्याचं चित्र टाकलं. मग, ‘ती रोज याच वेळेला उंबऱ्यावर बसते का? ऊन डावीकडून येतंय.’ ही कमेंट वाचल्यावर माझ्या हातातली चहाची कपबशी मी खाली ठेवली. मी जावेला बोलावलं. पोरीची आई तीच. तिने वाचलं आणि नुसतं “ताई” एवढंच म्हणाली.

त्याच्या खाली शेवटची कमेंट होती: ‘मी पण येऊ का घरात?’

गाण्यातलीच ओळ आहे, प्रेमाने लिहिलंय, असं भाऊजी म्हणाले. पण म्हणताना त्यांनी मोबाईल उलटा करून ठेवला. जावेने त्याच दिवसापासून पोरीला उंबऱ्यावर बसू देणं बंद केलं. पोर रडली, दाराला लाथा मारल्या. आम्ही आतून कडी लावली होती. तिच्या रडण्याने शेजारच्या तेलुगू आजी बाहेर आल्या आणि “काय झालं बाळाला?” म्हणून विचारून गेल्या.

पुढच्या आठवड्यात मी बालवाडीतून परत आले तर त्या आजी माझ्या वाटेकडेच बघत बसल्या होत्या. त्या मराठी बोलतात, पण घाबरल्या की मध्येच तेलुगू घुसतं.

“अम्मा, एक माणूस आला होता. चांगले कपडे. हसत होता. म्हणे, गाणं म्हणणारी पोरगी हितंच राहती का? नाव पण बोलला. आपण घरात हाक मारतो ते नाव!”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हणाले, हितं कोण पोरगी नाय. तो म्हणे, दार तर हेच आहे. मग ते लटकवून गेला.”

पिवळ्या दाराच्या कडीला एक कापडी पिशवी होती. त्यात ससा होता. पुतणीच्या मांडीवर होता तसाच, लांब कानांचा, फक्त नवा कोरा. मी तो हातात घेतला नाही. पिशवीसकट वर खुंटीला टांगला आणि दार लावून घेतलं. आत जावेच्या मांडीवर पोर झोपली होती. जाऊ जागीच होती. मी तिला सांगितलं तेव्हा तिने पोरीचं डोकं ओढणीने झाकलं, भर दुपारी, जणू थंडी वाजतेय.

भाऊजी आले, त्यांनी पिशवीत वाकून बघितलं आणि जमिनीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. उठले ते मोबाईल काढून. “आत्ताच्या आत्ता ‘हो’ करतो. सगळंच काढून टाकतो.”

“थांबा,” मी म्हणाले. मला नीट माहीत नव्हतं, पण पुरावा हातचा जाईल असं वाटलं. “आधी पोलिसांकडे.”

चौकीत एक महिला कॉन्स्टेबल होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मधेच भाऊजी म्हणाले, “मॅडम, त्याने तसं काही केलं नाही, पण...” तेव्हा त्या म्हणाल्या, “त्याने काय केलं ते मी लिहितेय, तुम्ही सांगत राहा.” मग त्यांनी बजावलं, “सेटिंग बदलायच्या आधी सगळ्या कमेंटींचे स्क्रीनशॉट काढा. तुमची उत्तरं पण येऊ द्या त्यात. त्या अकाउंटची लिंक घ्या. मुलांसाठी असं केलंत की कमेंटी दिसायच्या बंद होतील, मग आमच्या हातात काही राहणार नाही. आणि नुसतं तेवढं करून भागायचं नाही. तुमचं दार व्हिडिओत आहे की नाही?”

ते मात्र आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. खालच्या ओळी पुसता येतात, टॅग काढता येतात, ठिकाण रिकामं करता येतं. दार आणि यंत्रमागाचा आवाज मात्र व्हिडिओच्या आत होता.

चौकीच्या बाकावर बसूनच भाऊजींनी एकेक कमेंट वर-खाली करत फोटो काढले. सगळं झाल्यावर त्यांनी मोबाईलवरूनच त्या अकाउंटची तक्रार केली आणि व्हिडिओ खाजगी केला, कुणालाच दिसू नये असा. मग बाहेर येऊन बराच वेळ गाडीला किल्ली न लावता उभे राहिले.

तो माणूस सापडला नाही. गल्लीच्या टोकाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात एक पाठ दिसली, निळा शर्ट, दुसरं काही नाही. सोलापुरात निळे शर्ट किती असतील. मी भाजी घ्यायला गेले की पाठच बघत राहायचे, समोरून येणाऱ्यांचे चेहरे मला दिसतच नसत. नवा ससा पोलिसांनी नेला. ते अकाउंट एक दिवस उघडेनासं झालं. त्याने मिटवलं की काढून टाकलं गेलं, ते कळलं नाही.

पुढे आम्ही तेच गाणं पुन्हा केलं. बालवाडीच्या एका खोलीत, मागे साधा पांढरा पडदा, आवाज माझा, आणि चित्रात फक्त माझे हात आणि कापडी बोटबाहुल्या. खालच्या ओळी मी लिहिल्या, त्या या वेळी भाऊजींनी माझ्या शेजारी बसून जशाच्या तशा उतरवल्या. टायटलात गाण्याचं नाव आणि ‘लहान मुलांसाठी बडबडगीत’, टॅगमध्ये कुठलंही नाव नाही, गाव नाही, ठिकाणाची जागा कोरी. प्रश्न आला, मुलांसाठी बनवलेला आहे का. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. ‘हो’ केलं.

जावेने एकदाच विचारलं, “आता कमेंटी नाहीत ना? मग कोण बघतंय ते आपल्याला कळणारच नाही?”

“नाही कळणार,” मी म्हणाले.

तिच्या प्रश्नात तक्रार होती की भीती, ते मला नीट समजलं नाही. मलाही तो प्रश्न पडलाच होता.

पोर आता पहिलीत आहे. तिला ते सगळं आठवत नाही. गाणं आठवतं, पण म्हणायला सांगितलं की म्हणत नाही. आम्हीही सांगत नाही.

मागच्या उन्हाळ्यात भाऊजींच्या एका मित्राने फोन केला. त्याच्या बायकोला कुठल्याशा अनोळखी चॅनेलवर आमचा पहिला व्हिडिओ दिसला होता. कुणीतरी आधीच उतरवून ठेवला असणार. तेच पिवळं दार, तीच मान हलवणारी पोर, आणि टायटलात तेच लाडाचं नाव. कमेंटी उघड्या होत्या. भाऊजींनी बाप म्हणून तक्रार केली, काही दिवसांनी तो व्हिडिओ निघाला. त्यानंतर आणखी एका ठिकाणी सापडला. तोही निघाला.

आता रविवारी सकाळी चहा झाला की भाऊजी कोपऱ्यात बसून शोधायच्या चौकटीत आपल्या मुलीचं नाव टाकतात. मी भाजी निवडत असते, जाऊ पोळ्या लाटत असते, दोघींचेही कान तिकडे.

“काही नाही,” ते परवा म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी नाव पुन्हा टाकलं, या वेळी थोड्या वेगळ्या स्पेलिंगने.